कोणता काळा मसाला?

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि मावशीने रविवारच्या बाजारात टेबल लावायला सुरुवात केली. पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीच्या मैदानावर दर रविवारी सकाळी भाजीवाले, गुळवाले, घाण्याचं तेल विकणारे बसतात. त्या रांगेच्या टोकाला मावशीचं टेबल. टेबलावर पाच काचेच्या बरण्या आणि त्यांच्यापुढे पन्नास-शंभर ग्रॅमची पाकिटं. मावशी जन्माची पुणेकर; तिचा मसाला आमच्या अख्ख्या गोतावळ्यात जातो. तिची सून जळगावकडची. तिने माहेरच्या पद्धतीचा मसाला करून आणला. दोघींनी आपापल्या घरात जे नाव वापरात होतं तेच बरणीवर लिहिलं. त्यामुळे पहिल्याच रविवारी टेबलावर दोन बरण्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या आणि दोन्हींवर एकच नाव होतं: काळा मसाला.

तिसऱ्या रविवारी एक ताई पाकीट घेऊन परत आल्या. रागावलेल्या नव्हत्या, पण कोड्यात पडलेल्या होत्या. त्यांनी नेहमीसारखी चिंच-गुळाची आमटी केली होती आणि नेहमीसारखाच दीड चमचा काळा मसाला घातला होता. आमटी काळीभोर झाली, तिखटजाळ झाली आणि तिला तळलेल्या कांद्याचा वास यायला लागला. त्यांचे सासरे कांदा-लसूण खात नाहीत. त्या दिवशी त्यांनी दहीभातावर जेवण उरकलं. ताईंनी नेलेलं पाकीट सुनेचं होतं. मसाला उत्तम होता, ताईंचा स्वयंपाकही चुकला नव्हता. चुकले होते ते पाकिटावरचे दोन शब्द.

घरचा मसाला विकणाऱ्यांना वाटतं की नाव ही सजावटीची बाब आहे: मसाला चांगला झाला की नाव काहीही द्या, लोक चवीला येतील. त्या रविवारपासून मी याच्या उलट मताची आहे. महाराष्ट्रात मसाल्याची नावं गावागणिक अर्थ बदलतात. ज्याच्या घरी मसाला होतो त्याला आपल्या नावाचा एकच अर्थ ठाऊक असतो आणि बाजारात समोर उभा राहणारा माणूस दुसऱ्याच जिल्ह्यातला असतो.

काळ्या मसाल्याचंच बघा. पुण्याच्या बऱ्याच घरांत काळा मसाला म्हणजे गोडा मसालाच. त्यात धणे सगळ्यात जास्त, मग सुकं खोबरं आणि तीळ, आणि मग जिरं, शहाजिरं, दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग, मिरी, नागकेशर, हिंग असा ऐवज. काही घरांत मिरची अजिबात नसते, काही घरांत नावापुरती असते. ‘गोडा’ याचा अर्थ साखर घातलेला नव्हे, जहाल नसलेला. काळपट रंग येतो तो खोबरं आणि तीळ खमंग भाजल्याने आणि दगडफुलामुळे. हा मसाला आमटीत, भरल्या वांग्यात, मसालेभातात जातो आणि गुळाशी त्याचं छान जमतं.

खानदेशात मात्र काळा मसाला म्हटलं की झणझणीत रस्सा, शेवभाजी, वांग्याची भाजी डोळ्यांपुढे येते. सुनेच्या माहेरी खोबरं अगदी काळसर होईपर्यंत भाजतात, उन्हात वाळवलेला कांदा तेलात गडद तळतात आणि मिरचीचा हात सढळ असतो. सोलापूरकडे जा, तिथे ‘काळं तिखट’ मिळेल. ते आणखी वेगळं: त्यात मिरची हाच मुख्य माल आणि बाकीचे जिन्नस तिच्या साथीला. म्हणजे तीन ठिकाणी ‘काळा’ हा शब्द तोच आहे, पण एकात मिरची जवळजवळ नाही, दुसऱ्यात भरपूर आहे आणि तिसऱ्यात मिरचीच मसाला आहे.

असाच घोळ कोल्हापूरच्या चटणीचा. मावशीच्या टेबलावरची तिसरी बरणी शेजारच्या कोल्हापूरच्या काकूंची. त्या तिला साधं ‘चटणी’ म्हणतात, कारण त्यांच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची, डंकावर कुटून आणायची. पुण्यातल्या माणसाने बरणीवर ‘चटणी’ वाचलं की तो भाकरीबरोबर ताटात डावीकडे वाढायची चटणी समजतो. एकाने खरंच पाकीट फोडून चिमूटभर जिभेवर ठेवली आणि मग उसाच्या रसाच्या गाड्याकडे धावला. नाव खरं होतं, पण ते कोल्हापुरात खरं होतं.

म्हणून पहिला बदल आम्ही असा केला की मोठ्या अक्षरातलं नाव गिऱ्हाईक ज्या नावाने मागेल तेच ठेवायचं आणि एका नावाचे दोन अर्थ होत असतील तर गाव किंवा मुलूख जोडायचा. मावशीचा मसाला ‘गोडा मसाला’ झाला. तिला हे आवडलं नव्हतं. तिच्या आईपासून घरात ‘काळा’च म्हणतात. पण टेबलावर दोन काळे राहू शकत नव्हते आणि ‘गोडा’ या शब्दाला दुसरा अर्थ नाही. सुनेचा ‘खानदेशी काळा मसाला’ झाला. काकूंची ‘चटणी’ जाऊन ‘कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला’ आला. काकूंनी अट घातली की खाली बारीक अक्षरात ‘म्हणजे आमची चटणी’ असं लिहायचं. ती अट फार शहाणपणाची निघाली, कारण कोल्हापूर-सांगलीकडची माणसं तेवढे तीन शब्द वाचून थांबतात आणि हसून दोन पाकिटं घेतात.

सुरुवातीला मला स्वतःला कल्पक नावांचा मोह झाला होता. ‘सुगरण’, ‘माहेर’, ‘आजीचा डबा’ अशी पानभर नावं मी लिहून काढली होती. त्याच बाजारात फिरून पाहिलं तर आजीच्या नावाने तीन जण मसाले विकत होते. अशा नावातून आत काय आहे ते कळत नाही. पुढच्या रविवारी गिऱ्हाईक आलं तर ‘ते आजीवालं द्या’ म्हणतं आणि कुठल्या आजीचं ते त्यालाही आठवत नाही. असं नाव द्यायचंच असेल तर ते सगळ्या पाकिटांवर एकच, घराचं नाव म्हणून द्यावं आणि मसाल्याचं खरं नाव त्याच्यापेक्षा ठळक ठेवावं. कायदाही तेच सांगतो: कल्पक नाव चालतं, पण पदार्थ खरा काय आहे ते सांगणारं नाव पाकिटाच्या दर्शनी बाजूला हवंच. घराचं नाव नोंदवायचं असेल तर आधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ३० मध्ये शोधून पाहावं. मसाले त्या वर्गात येतात. ‘गोडा मसाला’ हे नाव मात्र कोणाच्या मालकीचं होऊ शकत नाही आणि तेच बरं आहे.

आता नावाखालची एक ओळ. ही ओळ काय असावी हे ठरवायला मी दोन रविवार टेबलामागे वही घेऊन बसले आणि येणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो ते टिपत गेले. चव कशी आहे, असं फारसं कोणी विचारलं नाही. वास घेऊन ते त्यांना कळतच होतं. प्रश्न फिरून फिरून चारच होते. ताई, हा कशात घालायचा? किती घालायचा? खूप तिखट आहे का? कांदा-लसूण आहे का? या चार प्रश्नांची उत्तरं एका ओळीत बसली की ओळ झाली. ‘घरगुती चवीचा, प्रेमाने बनवलेला’ ही आमची पहिली ओळ चारांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर देत नव्हती.

‘कशात’ या प्रश्नाला एकच पदार्थ सांगावा, फार तर दोन. सगळ्या भाज्यांत चालेल असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात एकही भाजी उभी राहत नाही. ‘चिंच-गुळाच्या आमटीला’ म्हटलं की त्याला रात्रीचा स्वयंपाक दिसतो. ज्याला गोडा मसाला माहीत आहे तो तो भरल्या वांग्यात घालणारच आहे. त्याला ओळीची गरज नाही. ओळ आहे ती दिल्लीहून बदली होऊन आलेल्या शेजाऱ्यासाठी आणि नुकतं स्वतःचं घर मांडलेल्या मुलामुलींसाठी.

‘किती’चं उत्तर अंदाजाने देता येत नाही, ते शिजवून काढावं लागतं. आम्ही अर्धी वाटी तूरडाळीची आमटी केली, चार माणसांना पुरेल अशी. एकदा अर्धा चमचा गोडा मसाला, एकदा एक, एकदा दोन. चमचा पाच मिलीचा, काठोकाठ सपाट केलेला. चिंच, गूळ, मीठ तिन्ही वेळा तेवढंच. अर्ध्यात मसाला आहे हे सांगावं लागत होतं. दोनात दगडफुलाचा कडवटपणा वर आला आणि डाळ मागे पडली. एक चमचा बरोबर. मग तो एक चमचा काट्यावर ठेवला तर अडीच ग्रॅम भरला. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या पाकिटात वीस आमट्या. आठवड्यातून दोनदा आमटी होणाऱ्या घरात ते पाकीट दहा आठवडे पुरतं.

हा हिशेब नंतर दुसऱ्याच कामाला आला. मावशीला ओळीत ‘वर्षभर टिकतो’ असं घालायचं होतं. तिच्या घरी टिकतो, कारण ती वर्षाचा मसाला घट्ट झाकणाच्या बरणीत, हिंगाचे खडे घालून, अंधाऱ्या कपाटात ठेवते आणि कोरड्या चमच्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही. पण गोड्या मसाल्यात खोबरं आणि तीळ असतात, दोन्हींत तेल असतं आणि दळल्यावर ते तेल हवेशी लागून खवट होतं. पाकीट गॅसच्या शेजारी अर्धवट उघडं पडलं तर तीन-चार महिन्यांत फरक कळतो. ओळखायची रीत सोपी आहे: चिमूटभर मसाला तळहातावर जोराने चोळावा आणि वास घ्यावा. ताज्या मसाल्यात आधी दगडफूल आणि लवंग येते. जुन्यात आधी जुन्या खोबऱ्याचा वास येतो. म्हणून आम्ही शंभर ग्रॅमचं गोड्याचं पाकीट बंद केलं, पन्नासचंच ठेवलं आणि वर्षभराचं वचन काढून टाकलं. कांदा-लसूण मसाल्याला दुसरी काळजी असते. कांद्यात जरा पाणी राहिलं तर मसाल्याचे गठ्ठे होतात आणि पुढे बुरशी धरते. काकू तळलेला कांदा मुठीत दाबून पाहतात. तो चुरचुरून मोडला पाहिजे, नुसता दबला तर परत कढईत.

तिखटपणा हा चारांतला सगळ्यात अवघड प्रश्न. लोक रंग बघून तिखट ठरवतात आणि हमखास फसतात. ब्याडगी मिरची गडद लाल रंग देते, पण तिखटाला सौम्य असते. लवंगी मिरची दिसायला बारीक आणि तिखटाला जहाल. काकूंचा मसाला लालभडक दिसतो तो ब्याडगीमुळे. तिखट येतं ते त्यात घातलेल्या संकेश्वरी आणि लवंगीमुळे. सुनेचा काळा मसाला रंगाने गरीब दिसतो आणि जास्त भाजतो. त्यामुळे ओळीत तिखटपणा शब्दाने सांगावाच लागतो. आम्ही तीनच शब्द ठरवले: सौम्य, मध्यम, जहाल. त्यातही एक अडचण आहे. मिरची दर हंगामाला सारखी नसते. त्याच व्यापाऱ्याकडची तीच मिरची एखाद्या वर्षी जास्त झोंबते. म्हणून तिखटपणाचा शब्द आम्ही छापत नाही. प्रत्येक घाणा निघाला की चमचाभर मसाला एक वाटी साध्या वरणात घालून घरातले तिघे चाखतात, मग त्या घाण्याच्या पाकिटांवर त्या शब्दाचा छोटा गोल कागद चिकटवतो. बाकीचं लेबल वर्षभर तेच राहतं.

कांदा-लसणाचं उत्तर नेहमी द्यावं, नसेल तेव्हा तर आवर्जून. गोड्या मसाल्यावर ‘कांदा-लसूण नाही’ हे लिहिल्यापासून जैन शेजारी आणि उपवास-सणाच्या स्वयंपाकासाठी मसाला शोधणाऱ्या बायका न विचारता पाकीट उचलायला लागल्या. काकूंच्या मसाल्यात आणखी एक गोष्ट सांगावी लागली: त्यात मीठ असतं. कोल्हापूरकडे हे सर्वांना माहीत असतं, पुण्यात नसतं. ‘मीठ आहे’ हे दोन शब्द नसते तर कितीतरी उसळी खारट झाल्या असत्या.

उरला प्रश्न विशेषणांचा. ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘नैसर्गिक’ हे शब्द प्रत्येक पाटीवर असतात. अन्नपदार्थांच्या दाव्यांविषयीचे एफएसएसएआयचे नियम २०१८ चे आहेत आणि त्यांत या शब्दांना अटी घातल्या आहेत. ‘शुद्ध’ हा शब्द एकच जिन्नस असलेल्या, काहीही न मिसळलेल्या पदार्थाला वापरायचा. मग पंधरा जिन्नस एकत्र केलेला मसाला शुद्ध कसा म्हणणार? हळदपूड शुद्ध असू शकते, गोडा मसाला नाही. रोग बरा करतो, रोग होऊ देत नाही असं तर मसाल्याच्या पाकिटावर लिहायलाच बंदी आहे. दुसरा धोका जिन्नसांच्या नावांचा. मी एकदा ओळीत ‘नागकेशरयुक्त’ असं हौसेने लिहिलं, तर दोघांनी विचारलं की एवढ्या कमी किमतीत केशर कसं देता. नागकेशराचा केशराशी काहीही संबंध नाही. तो शब्द मी त्याच दिवशी काढला. ‘ब्याडगी’ हे नाव मात्र राहिलं, पण त्यालाही अट आहे: त्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा पाकिटात खरी ब्याडगी असेल तरच तिचं नाव लिहावं.

पाकिटाच्या मागच्या बाजूला थोडक्यात सांगते, कारण पुढची ओळ तिच्याशी जुळली पाहिजे. घरून विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर यावा लागतो. जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची आणि वापरण्याची तारीख, पत्ता हेही हवं. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. मराठी सोबत देता येते. नुसत्या मराठीत लेबल छापणाऱ्या पुष्कळ बायकांना हे माहीत नसतं आणि मग हजार लेबलं वाया जातात. जिन्नसांच्या यादीत धणे पहिले असतील आणि पुढच्या ओळीत तुम्ही लवंग-वेलचीचा थाट केला असेल, तर पाकीट उलटून वाचणाऱ्याला ते लगेच दिसतं.

एवढं सगळं झाल्यावर मावशीच्या टेबलावरच्या ओळी आज अशा आहेत. ‘गोडा मसाला: चिंच-गुळाच्या आमटीला, चौघांना एक चमचा, कांदा-लसूण नाही.’ ‘खानदेशी काळा मसाला: शेवभाजीच्या रश्श्याला, चौघांना दोन चमचे, तळलेला कांदा आहे.’ ‘कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, म्हणजे आमची चटणी: मटकीच्या उसळीला दोन चमचे, मीठ आहे, चाखून मग मीठ घाला.’ चौथी बरणी मालवणी मसाल्याची आहे, तिला ‘माशाच्या कालवणाला’ एवढं पुरलं. पाचवं मेतकूट. त्याची ओळ मावशीने स्वतः लिहिली आणि मी तिच्यात एक अक्षर बदललं नाही: ‘मऊ भात, तूप, मीठ आणि हे, शिजवायचं नाही.’ मेतकुटाबद्दल अनोळखी माणसाला नेमकं तेवढंच माहीत नसतं. एक बाई ते फोडणीत घालून बघत होत्या, असं नंतर कळलं.

ओळ लिहून झाली की आम्ही एक परीक्षा घेतो. शेजारच्या टेबलावरच्या भाजीवाल्या दादांना पाकीट देतो आणि मोठ्याने वाचायला सांगतो. बाजाराच्या गोंगाटात ती एका दमात वाचता आली पाहिजे आणि वाचून झाल्यावर आज रात्री काय करणार, हे त्यांना सांगता आलं पाहिजे. खानदेशी मसाल्याची आमची पहिली ओळ वाचून दादा म्हणाले, ‘चांगलं आहे, पण टाकू कशात?’ ती ओळ तिथेच खोडली.

त्या आमटीवाल्या ताई अजून येतात. गोडा मसाला महिन्यातून एकदा नेतात आणि सासरे गावी गेले की खानदेशी. तुम्हीही रविवारच्या बाजारात कुठे ‘काळा मसाला’ अशी पाटी बघितली, तर पाकीट पिशवीत टाकण्याआधी तेवढं विचारा: कुठला काळा, आणि कशात घालायचा? आणि टेबलामागे तुम्ही स्वतः बसत असाल, तर हे उत्तर पाकिटावरच लिहून ठेवा.